गाडी अडकली, ऑफिसला उशीर होणार: साहेबांना कधी, काय आणि कसं कळवायचं (बडोदा–अहमदाबाद अप-डाउनवाल्यांसाठी)

‘सर, ट्रेन लेट आहे, येतोच.’ अप-डाउन करणाऱ्यांचे उशिराचे मेसेज बहुतेक असेच असतात, आणि ते वाचून साहेबांना काहीच ठरवता येत नाही. साडेदहाची मीटिंग ठेवायची की पुढे ढकलायची, काउंटरवर दुसऱ्याला बसवायचं की थांबायचं, हे ठरवायला त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: तुम्ही घड्याळाच्या कोणत्या वेळेला पोचाल, आणि तोपर्यंत तुमचं काम कोण बघेल. ती वेळ कशी काढायची यावर खाली जास्त भर दिला आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

उदाहरण रेल्वेचं घेतलं आहे. बडोदा ते अहमदाबाद सुमारे शंभर किलोमीटर, आणि मध्ये कुठे एक तार तुटली तरी अख्खी सकाळ जाते. शहरातल्या पुरासाठी हिशोब थोडा वेगळा आहे, तो शेवटाकडे दिला आहे.

## टप्पा 1: आधीची तयारी (एकदाच करायची)

गाडी अडकल्यावर या गोष्टी शोधत बसू नये. एखाद्या रविवारी पंधरा मिनिटं काढून फोनमध्ये एक नोंद करून ठेवा.

पहिली गोष्ट, फोन नंबर. साहेबांचा साधा कॉल लागणारा नंबर, त्यांच्या गैरहजेरीत निर्णय घेणाऱ्या माणसाचा नंबर, आणि गेटचा किंवा रिसेप्शनचा नंबर. पुष्कळ जणांकडे साहेब फक्त ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतात. नेट बंद पडलं की मग हात बांधले जातात.

दुसरी गोष्ट, हजेरीचे नियम. किती मिनिटांची सूट आहे आणि किती वाजल्यानंतर अर्धा दिवस लागतो, हे एचआरला विचारून लिहून ठेवा. समजा अर्धा दिवस साडेअकरानंतर लागतो. तर अकरा-वीसला पोचणं आणि अकरा-चाळीसला पोचणं यात पगाराचा फरक आहे, आणि गाडीत थांबायचं की उतरून रस्ता धरायचा हे कधीकधी त्यावरच ठरतं.

तिसरी गोष्ट, तुमचे स्वतःचे तुकडे. घरापासून फलाटापर्यंत किती मिनिटं, आणि कालुपुर स्टेशनवर गाडीतून उतरल्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत किती. हा दुसरा आकडा लोक नेहमी कमी धरतात. गाडी स्टेशनात आली म्हणजे ते पोचले असं त्यांना वाटतं. पूल चढणं, बाहेर येणं, रिक्षा ठरवणं, लिफ्ट, हे सगळं मिळून सहज अर्धा तास होतो. एक-दोन दिवस घड्याळ लावून मोजा.

चौथी गोष्ट, पास. साधा मासिक पास सुपरफास्ट गाडीला चालत नाही, त्यासाठी सुपरफास्टचा अधिभार भरलेला पास लागतो. आरक्षित डब्यात आणि वंदे भारतमध्ये तर पासवर बसताच येत नाही. आपली मेमू रद्द झाली म्हणून समोर आली त्या गाडीत चढलात आणि टीसीने पकडलं, तर भाडं आणि त्यावर तितकाच दंड भरावा लागतो, आणि तो दंड 250 रुपयांपेक्षा कमी नसतो. पर्यायी गाडी मोजताना ती तुमच्या पासावर चालते का, हे आधीच माहीत हवं.

तपासा: पॉवर बँक बॅगेत आहे आणि ती चार्ज केलेली आहे का? गाडी तासभर उभी राहिली की डब्यातले निम्मे फोन झोपतात.

## टप्पा 2: घर सोडण्याआधी दोन मिनिटं

रेल्वेचं `NTES` ॲप उघडा आणि `Spot Your Train` मध्ये आपली गाडी बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. `Live Station` मध्ये बडोदा आणि आणंद ही दोन्ही स्टेशनं टाका. तुमच्या आधी सुटलेल्या दोन गाड्या कुठे आहेत ते बघा. तुमची गाडी ‘वेळेवर’ दिसत असेल, पण आधीच्या दोन्ही वासद–आणंदच्या मध्ये खोळंबल्या असतील, तर तुमचीही तिथेच जाऊन उभी राहणार. 139 वर फोन करूनही गाडीची स्थिती कळते.

हे घरातच बघायचं कारण साधं आहे. बडोद्यात असताना तुमच्या हातात पर्याय असतात. एसटीचा डेपो स्टेशनला लागूनच आहे, आणि अमितनगर सर्कलवरून एक्स्प्रेसवेने जाणाऱ्या गाड्या मिळतात. एकदा गाडीत बसून ती दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की पर्याय उरत नाही.

सावध: ॲपमध्ये ‘रद्द’, ‘मार्ग बदलला’ आणि ‘सुटण्याची वेळ बदलली’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ बदललेली गाडी येणार असते, फक्त आरंभीच्या स्टेशनावरूनच उशिरा सुटते. मार्ग बदललेली गाडी वेळेवर असूनही तुमच्या स्टेशनाला न येण्याची शक्यता असते. साहेबांना कळवताना यांची गल्लत झाली की पुढची सगळी वेळ चुकते.

## टप्पा 3: कारण काय आहे ते ओळखा

कारण सांगून सहानुभूती मिळते म्हणून हे करायचं नाही. अडथळा मिनिटांचा आहे की तासांचा, हे कारणावरून कळतं.

क्रॉसिंगसाठी किंवा मागून येणाऱ्या मेल गाडीला वाट देण्यासाठी गाडी थांबली असेल तर ती बहुधा मिनिटांत हलते. सिग्नल बिघडला असेल तर गाड्या बंद पडत नाहीत, पण कागदी परवानगी घेऊन हळूहळू एकेक सोडल्या जातात, म्हणजे उशीर वाढत जातो. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर टॉवर वॅगन येऊन दुरुस्ती करावी लागते. तिथे अर्ध्या तासाची आशा धरू नये. रुळावर पाणी असेल तर कुणीच वेळ सांगू शकत नाही.

विचारायचं ते गार्डला, किंवा गाडी स्टेशनात उभी असेल तर स्टेशन मास्तरांच्या खोलीत. डब्यातली ‘पुढे काहीतरी झालंय’ ही बातमी मेसेजमध्ये घालू नका.

आणि एक बाब जी नवे लोक हमखास विसरतात: दुरुस्ती झाली म्हणजे तुमची गाडी सुटली असं नाही. अडकलेल्या गाड्या एकामागून एक निघतात, आधी लांब पल्ल्याच्या, मग मेमू. सुटल्यावरही पुढची गाडी अगदी जवळ असल्याने सिग्नलला थबकत जावं लागतं.

## टप्पा 4: पोचण्याची वेळ काढा

ॲपवर दिसणारी वेळ तशीच उचलून पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ॲप आत्तापर्यंत झालेला उशीर पुढच्या स्टेशनांच्या वेळेत मिळवून दाखवतं. गाडी उभी असली की हा उशीर दर मिनिटाला वाढत असतो, पण आकडा मात्र गाडीची पुढची नोंद होईपर्यंत जुनाच राहतो. म्हणून आधी शेवटची नोंद किती वाजताची आहे ते बघा. ती पंधरा मिनिटांहून जुनी असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

स्वतः चार भागांत बेरीज करा:

1. गाडी हलण्याची वेळ, जी उशिरातली उशिरा धरायची.
2. तिथून कालुपुरपर्यंत नेहमी लागणारा वेळ.
3. गर्दीमुळे रखडत जाण्याचे 20 मिनिटं.
4. स्टेशनपासून खुर्चीपर्यंतचा तुमचा मोजलेला वेळ.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. ऑफिस आश्रम रोडला, वेळ दहाची. मेमू बडोद्याहून 7:15 ला सुटते, वासदला 7:40, कालुपुरला 9:20, आणि 9:50 ला माणूस खुर्चीवर. आज गाडी 7:40 ला वासदला येऊन उभी आहे. आता 7:55 झाले आहेत. स्टेशन मास्तरांकडून कळतं की आणंदच्या पुढे वायर तुटली आहे.

वासद ते कालुपुर नेहमीचा वेळ 1 तास 40 मिनिटं. त्यात रखडण्याची 20 मिनिटं घातली की 2 तास, आणि स्टेशनपासून ऑफिस 30 मिनिटं. म्हणजे गाडी हलल्यापासून अडीच तास. 8:30 ला हलली तर 11:00, 9:00 ला हलली तर 11:30.

आता पर्यायी रस्ता. वासद स्टेशनवरून रिक्षाने चोकडीवर जाणं आणि अहमदाबादची बस मिळणं, यात 25 मिनिटं. बसला पावणेदोन ते दोन तास. गीतामंदिरला उतरून ऑफिस आणखी अर्धा तास. 9:00 ला उतरलं तर 12:00 पर्यंत पोचता येईल.

या दोन हिशोबांतून निर्णयाची वेळ आपोआप मिळते: 9:00. तोपर्यंत गाडी हलली तर 11:30, नाहीतर उतरायचं आणि 12:00. लगेच उतरून बसने निघालं तर 11:00 चा सुमार, म्हणजे 8:30 ला गाडी हलल्यासारखंच. ते भाडं, ते ऊन, ती उभ्याने केलेली बसची सफर सोसायची का, हा तुमचा प्रश्न. दहा वाजता तुमच्याशिवाय अडणारं काम नसेल तर थांबणं बरं. पण हा निर्णय गाडी मोठ्या स्टेशनात उभी असेपर्यंतच शक्य आहे. अडास रोडसारख्या लहान स्टेशनात थांबली तर बाहेर वाहन मिळेलच असं नाही, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये उभी असेल तर खडीवर उतरून रुळावरून चालत जायचं नाही.

तपासा: जी वेळ कळवणार आहात, ती दहा मिनिटं आधी पोचाल अशी आहे की दहा मिनिटं उशिरा पोचाल अशी? साहेबांनी लोकांना बोलावलेलं असतं ते तुमच्या शब्दावर. 11:30 सांगून 11:20 ला आलेला माणूस चालतो. 10:45 सांगून, मग 11:00, मग 11:20 करणारा माणूस तीनदा उशिरा आलेला असतो.

## टप्पा 5: कामाची सोय आधी, मेसेज नंतर

पोचण्याची वेळ काढल्यावर लगेच मेसेज टाकण्याचा मोह होतो. पाच मिनिटं थांबा आणि दहा ते साडेअकराच्या मध्ये तुमच्या टेबलावर काय येणार आहे ते आठवा. कामं तीन प्रकारची निघतात: दुसऱ्याने करायची, फोनवरून होण्यासारखी, आणि पुढे ढकलण्यासारखी.

समजा 10:00 ला एक रिपोर्ट जायचा आहे, 10:30 ला सप्लायरबरोबर मीटिंग आहे आणि दुपारी बिलं तपासायची आहेत. रिपोर्ट फोनमध्ये असेल तर गाडीतूनच पाठवता येतो. मीटिंग 12:00 ला घ्यावी की सहकाऱ्याने सुरू करावी, हा साहेबांचा निर्णय, पण पर्याय तुम्ही सुचवायचा. बिलांचा उल्लेखही करायची गरज नाही, कारण दुपारपर्यंत तुम्ही पोचलेले असाल.

सावध: सहकाऱ्याला न विचारता त्याचं नाव मेसेजमध्ये घालू नका. ‘मेहुलभाई बघून घेतील’ असं लिहिलं आणि मेहुलभाई स्वतः मागच्या मेमूत अडकलेले निघाले, हे या मार्गावर अगदी शक्य आहे. आधी त्यांना फोन, ‘हो’ आलं की मग मेसेज.

कारखान्यातल्या शिफ्टला हे सगळं जास्त घाईचं आहे. तुम्ही मशीनवर पोचल्याशिवाय आधीच्या पाळीचा माणूस घरी जाऊ शकत नाही. त्याला थांबवलं तर जादा वेळेचा दुप्पट दर द्यावा लागतो, त्यामुळे सुपरवायझरला बदली माणूस शोधायला वेळ मिळायला हवा. इथे कामाची सोय तुम्ही लावायची नसते. पोचण्याची वेळ निघाली की मिनिटभरही न थांबता फोन करा.

## टप्पा 6: कळवा

कामाची वेळ सुरू व्हायला तासापेक्षा कमी असेल, किंवा कुणी तुमच्यासाठी खोळंबणार असेल, तर आधी फोन, मग तेच मेसेजमध्ये लिहून. भरपूर वेळ असेल तर मेसेज पुरतो. सकाळी सातच्या आत नुसता मेसेज टाका आणि आठनंतर तो पोचल्याची खात्री करा.

वरच्या उदाहरणातला मेसेज असा होईल:

> सर, माझी गाडी वासदला उभी आहे, आणंदच्या पुढे ओव्हरहेड वायर तुटली आहे. मी 11:30 पर्यंत ऑफिसला पोचेन. 9:00 पर्यंत गाडी हलली नाही तर उतरून बसने येईन, मग 12:00 होतील. 10:00 चा रिपोर्ट गाडीतूनच मेल करतो. 10:30 ची मीटिंग मेहुलभाई सुरू करायला तयार आहेत, किंवा 12:15 ला ठेवता येईल, आपण सांगाल तसं. 9:00 ला पुन्हा कळवतो.

याचा क्रम बदलू नका. साहेब गाडी चालवत असतील किंवा घाईत असतील तर नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळीच दिसतात, आणि 11:30 तिथेच यायला हवं. माफी मागायची असेल तर शेवटी एक शब्द पुरे. गाडी तुम्ही अडवलेली नाही.

‘दीड तास लेट’ असं कधीही लिहू नका. गाडी दीड तास लेट की तुम्ही, आणि दीड तास कोणत्या वेळेपासून, हे वाचणाऱ्याला कळत नाही. वेळ घड्याळाची लिहा, आणि आकड्यांत लिहा. साहेब गुजराती असोत की मराठी, 11:30 सगळ्यांना सारखंच वाचता येतं. बाकीचा मजकूर रोज ज्या भाषेत त्यांच्याशी बोलता त्याच भाषेत ठेवा.

मेसेज साहेबांना थेट पाठवा, मग ग्रुपमध्ये एक ओळ. फक्त ग्रुपमध्ये टाकलेला मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो.

तपासा: दहा मिनिटांत दोन टिक आल्या का? एकच टिक म्हणजे मेसेज त्यांच्या फोनवर पोचलेलाच नाही. अख्खी गाडी एका जागी उभी असली की नेट रडतं, पण साधा एसएमएस किंवा कॉल पुष्कळदा लागतो. साहेबांचा फोन बंद असेल तर दुसऱ्या नंबरवर आणि रिसेप्शनवर कळवा, आणि कुणाला सांगितलं ते नाव लक्षात ठेवा.

`NTES` चा गाडी उभी असल्याचा स्क्रीनशॉट त्याच वेळी काढून ठेवा, कारण नंतर तो मिळत नाही. पण न मागता पाठवू नका. न विचारता पुरावा दिला की शंका नसलेल्या माणसालाही शंका येते.

## टप्पा 7: पुढचं कळवणं

9:00 ला कळवतो म्हटलं की 9:00 लाच कळवायचं, नवीन काही नसलं तरी. उदाहरणात गाडी 8:50 ला हलली. अडीच तास मिळवले की 11:20, म्हणजे आधी सांगितलेली वेळ टिकते:

> सर, गाडी 8:50 ला सुटली. 11:30 कायम.

एवढंच. त्यानंतर प्रत्येक स्टेशनाचं नाव पाठवायचं नाही. वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बदलणार असेल तरच पुन्हा लिहा, आणि ती सांगितलेली वेळ उलटून जायच्या आत लिहा. 11:30 ला पोचायचं असताना 11:35 ला ‘अजून वीस मिनिटं’ असा मेसेज आला तर आधीचे सगळे व्यवस्थित मेसेज वाया गेले समजा.

## विश्वामित्रीला पूर आला तर

इथे वरचं गणित लागू पडत नाही. पाऊस थांबला म्हणून लोक ‘दोन तासांत येतो’ असं कळवतात आणि फसतात. शहरातला पाऊस थांबल्यावरही आजवा आणि वरच्या भागातलं पाणी येत राहतं, त्यामुळे नदी आणखी काही तास चढू शकते. काळाघोड्याजवळची धोक्याची पातळी 26 फूट आहे. 2024 च्या ऑगस्टअखेरीस नदी 35 फुटांच्या वर गेली होती, आणि समा, फत्तेगंज, अकोटा, वडसर या भागांतल्या लोकांना घराबाहेरच पडता येत नव्हतं.

म्हणून पातळी 26 च्या जवळ आणि वाढती असेल, आणि तुम्हाला पूल ओलांडून मकरपुऱ्याकडे जायचं असेल, तर पोचण्याची वेळ देऊच नका. ‘आज येणं शक्य नाही. घरून एवढं करू शकेन. उद्याचं सकाळी 7:30 ला पूल चालू आहेत का ते बघून कळवतो’ असं लिहा. वीज जाण्याआधी लिहा, कारण पुरात ती बंद केली जाते आणि फोन चार्ज करायची सोय राहत नाही.

## अडथळा महिनाभराचा असेल तर

9 जुलै 2025 ला महीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि पादऱ्याकडून बोरसदला जाणाऱ्यांना उमेटा किंवा वासदकडून वळसा घ्यावा लागला. अशा वेळी रोज सकाळी उशिराचा मेसेज पाठवणं चूक आहे. पहिले दोन-तीन दिवस नव्या रस्त्याने लागणारा वेळ मोजा, त्यातला सगळ्यात जास्त आकडा धरा, आणि साहेबांना भेटून कामाची वेळ तेवढी पुढे सरकवण्याचा लेखी अर्ज द्या. किती तारखेपर्यंत हवं आहे आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघायचं, हे त्यात असू द्या. रेल्वेने आधी जाहीर केलेल्या ब्लॉकलाही हेच लागू: तारखा कळल्या की आदल्या आठवड्यातच सांगा.

## टप्पा 8: पोचल्यावर

आधी पंच करा, मग साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून ‘आलो सर, मीटिंग कुठवर आली?’ एवढंच विचारा. प्रवासाची हकीकत जेवणाच्या सुट्टीत. ज्याने तुमचं काम सांभाळलं त्याच्याकडून ते ताब्यात घ्या. हजेरी दुरुस्तीचा अर्ज असेल तर तो त्याच दिवशी भरा, सकाळचा स्क्रीनशॉट जोडून. महिनाअखेरीला पगार कापलेला दिसल्यावर कोणत्या मंगळवारी कोणती वायर तुटली होती हे कुणालाच आठवत नाही.